"कशी आहेस?" या प्रश्नाला खरे उत्तर कसे द्यावे? (भाऊ गेल्यानंतरचे सहा आठवडे)

खाडीपलीकडे (26 जुलै, रात्री 10.20)

नमस्कार. मी ऐरोलीला राहते, माहेर ठाण्यात नौपाड्यात आहे. 14 जूनला माझा धाकटा भाऊ वयाच्या 37व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्याच्या मागे त्याची पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि आमचे आईबाबा आहेत. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी बेलापूरच्या कार्यालयात पुन्हा जाऊ लागले.

तेव्हापासून "कशी आहेस?" हा प्रश्न दिवसाकाठी आठदहा वेळा कानावर पडतो आणि मी प्रत्येकाला "बरी आहे" असे सांगते. आपल्या भाषेत माणूस आजारातून उठला की तो "बरा झाला" असे आपण म्हणतो, त्यामुळे हा शब्द उच्चारताना मी भावाच्या जाण्यातून उठून बसले आहे असे जाहीर करते आहे की काय, असे मला वाटते. दुसऱ्या टोकाला, गेल्या मंगळवारी लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी सहज विचारले आणि तळमजला येईपर्यंत मी त्यांना रुग्णालयातली सगळी रात्र सांगून टाकली. त्या कचऱ्याची बादली हातात धरून ऐकत राहिल्या आणि शेवटी त्यांनाच रडू आले. त्याच रात्री आईने फोनवर तोच प्रश्न विचारला तेव्हा मी म्हणाले, "बरी आहे, तू जेवलीस का?"

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. बहुतेक लोक माझे उत्तर ऐकून न थांबता लगेच "आणि आई कशी आहे? वहिनी कशी आहे? मुलगा सावरला का?" असे विचारतात. त्यांची काळजी खरी आहे, परंतु घरातल्या सगळ्यांची खबर देणारी मी एक निरोप्या झाले आहे.

मला सांत्वन नको आहे, ते पुष्कळ मिळाले. शेजारी, गाडीत भेटणारी आणि अजून काही न कळलेली ओळखीची माणसे, फोन करणारे नातेवाईक, भाचा, डॉक्टर, कार्यालयातले वरिष्ठ, आई आणि भावजय, यांपैकी कोणाला काय सांगावे, त्याची प्रत्यक्ष बोलता येतील अशी वाक्ये मला हवी आहेत.

मीनल_घोडबंदर (26 जुलै, रात्री 11.05)

ताई, फार वाईट वाटले. लोकांनी हा प्रश्न विचारूच नये असे मलाही वाटते. भेटायला जाणाऱ्यांनी "कशी आहेस" असे न विचारता "मी तुझ्यासाठी काय करू" असे विचारावे. तुम्ही सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश टाकून कृपया कोणी काही विचारू नये असे सांगितले, तर प्रश्नच मिटेल.

खाडीपलीकडे (26 जुलै, रात्री 11.20)

मीनलताई, धन्यवाद, पण माझा प्रश्न वेगळा आहे. लोकांनी विचारणे थांबवावे असे मला वाटत नाही. कोणीच विचारले नाही तर ते मला अधिक जड जाईल. विचारल्यावर मी काय बोलावे, हे मला कळत नाही.

ओंकार_घणसोली (27 जुलै, सकाळी 8.10)

माझे मत सरळ आहे. जो विचारेल त्याला खरे सांगावे. "नाही, मी बरी नाही" एवढे म्हणावे. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखे झाले तर तो त्याचा प्रश्न आहे, दुःखात असलेल्या माणसाने इतरांना जपत बसू नये.

विनय_नौपाडा (27 जुलै, सकाळी 9.30)

यात थोडी भर घालतो. शोकाच्या पाच अवस्था असतात: नकार, राग, सौदा, नैराश्य आणि स्वीकार. सहा आठवड्यांनी तुम्ही बहुधा रागातून नैराश्याकडे जात असाल. जवळच्या लोकांना "मी सध्या चौथ्या अवस्थेत आहे" असे सांगितले, तर पुढे काय होणार याचा त्यांनाही अंदाज येईल.

शमा_नेरूळ (27 जुलै, दुपारी 3.45)

मी गेली अकरा वर्षे असाध्य आजाराच्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या एका पथकाबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करते. रुग्ण गेल्यानंतर वर्षभर आम्ही त्या घरी जात राहतो. तुम्ही जे लिहिले आहे ते मी जवळपास प्रत्येक घरात ऐकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी विनय यांच्या मुद्द्याविषयी. त्या पाच अवस्था एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडल्या त्या स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या पुढे लावल्या गेल्या. प्रत्यक्षात माणसे अशा पायऱ्यांनी चालत नाहीत. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 साली मांडलेले चित्र माझ्या अनुभवाशी अधिक जुळते. त्यांच्या मते माणूस दिवसभर दोन बाजूंमध्ये येजा करत असतो: कधी गेलेल्या माणसाकडे, तर कधी वीजबिल, शाळा, नोकरी अशा नव्याने मांडायच्या संसाराकडे. सकाळी दहा वाजता तुम्ही खरोखर नीट असता आणि दुपारी दोन वाजता नसता. तुमच्या अडचणीचे मूळ मला इथे दिसते. "कशी आहेस?" हा प्रश्न एवढा रुंद आहे की त्याचे एकच खरे उत्तर असू शकत नाही, आणि म्हणून आपण खोटे तरी बोलतो किंवा सगळेच सांगून टाकतो.

म्हणून पहिले काम म्हणजे प्रश्न आपणच अरुंद करून घ्यायचा. समोरच्याने "कशी आहेस?" विचारले तरी आपण "आत्ता कशी आहे" किंवा "आज सकाळपासून कशी आहे" याचे उत्तर द्यायचे. "आज सकाळ बरी गेली" हे वाक्य खरे असते, लहान असते आणि त्यात तुम्ही सावरल्याचा दावा नसतो.

दुसरे काम म्हणजे त्या खऱ्या वाक्याला पुढची वाट जोडायची. नुसते "मी बरी नाही" असे म्हणून थांबल्यास ऐकणाऱ्याला आता आपण काय करायचे ते कळत नाही, आणि मग तो उपदेश करतो, स्वतःच्या घरातला मृत्यू सांगतो किंवा तुमच्या काकूंसारखा रडतो. मग त्याला धीर देण्याचे काम तुमच्यावर येते. म्हणून वाक्याच्या शेवटी एक तर दार हळूच लावून घ्यायचे ("आत्ता एवढंच बोलते") किंवा नेमके काही मागायचे ("दोन मिनिटं बसशील का?"). ओंकार, खरे सांगावे हे मला मान्य आहे, परंतु तुमच्या वाक्याला पुढची वाट नाही, आणि तिचा भार शेवटी बोलणाऱ्या व्यक्तीवरच पडतो.

प्रश्न कसा विचारला आहे हेही ऐकावे. चालता चालता आलेले "काय, बरं आहे ना?" हे आपले उत्तर बरोबर घेऊनच येते. तो नमस्कार आहे, त्याला नमस्काराएवढेच उत्तर पुरे. "सावरलीस का आता?" यात विचारणाऱ्याची घाई असते. परंतु कोणी थांबून, तुमच्याकडे पाहून "कशी आहेस गं?" असे म्हटले आणि पुढे काही बोलले नाही, तर तिथे जागा आहे असे समजावे.

लिफ्टमध्ये, फाटकापाशी, दुकानात मी लोकांना "चाललंय" हा शब्द सुचवते. तो चांगलेही म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. "चाललंय काकू. विचारलंत, बरं वाटलं." एवढ्यात तळमजला येतो. यात तुम्ही काकूंना फसवले असे मला वाटत नाही. बाकीच्यांविषयी संध्याकाळी लिहिते.

सानपाडा1962 (27 जुलै, सायंकाळी 5.10)

माझा मुलगा चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. "कसे आहात?" याचे उत्तर मला आता देता येते, मी "दिवस जातो" असे म्हणतो. पण लग्नकार्यात कोणी नव्याने ओळख झाल्यावर "मुलं किती?" असे विचारले की मला अजून काही सुचत नाही. एक म्हटले तर मुलाला वगळल्यासारखे होते आणि दोन म्हटले तर पुढचा प्रश्न "काय करतात?" हा असतो. शमाताई, याला काही वाक्य आहे का? मूळ विषय सोडून बोलत असल्यास माफ करा.

शमा_नेरूळ (27 जुलै, रात्री 9.00)

काका, विषय सोडून मुळीच नाही. काही वडील "दोन. मुलगी पुण्याला असते, मुलगा आता नाही" असे एका दमात सांगतात आणि लगेच समोरच्याला त्याच्या मुलांविषयी विचारतात, म्हणजे पुढच्या प्रश्नाला जागा उरत नाही. पण असेही काही आहेत, जे अनोळखी माणसाला "एक मुलगी" एवढेच सांगतात आणि घरी येऊन मुलाच्या तसबिरीपुढे दिवा लावतात. यातले बरोबर कोणते हे मला ठरवता येत नाही. प्रसंग पाहून दोन्ही उत्तरे वापरणारेही मी पाहिले आहेत.

ताई, आता तुमच्या यादीकडे वळते.

ज्यांना अजून कळलेलेच नाही अशा माणसांसाठी वाक्य तयार असणे सर्वांत गरजेचे आहे, कारण तिथे आपण बेसावध असतो. आडवळण न घेता बातमी पहिल्या वाक्यात सांगावी, दुसऱ्या वाक्यात समोरच्याचा धक्का झेलावा आणि तिसऱ्यात थांबावे. "तुम्हाला कळलं नसेल. माझा धाकटा भाऊ 14 जूनला अचानक गेला. तुम्हाला धक्का बसला असेल, पण आत्ता मला त्याबद्दल बोलता येणार नाही, नंतर कधीतरी बोलू." गाडीत असाल तर त्यानंतर खिडकीबाहेर पाहिले तरी चालते.

नातेवाइकांत काही जण दूरध्वनीवर "शेवटी नक्की काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?" असे खोदून विचारतात. त्यांचे प्रेम नाकारायचे नसते, परंतु ती रात्र पुन्हा सांगायचीही नसते, म्हणून त्यांना दुसरे काही द्यावे. "मावशी, ती रात्र पुन्हा सांगायची ताकद आज माझ्यात नाही. तू त्याला लहानपणी सांभाळलंस, त्याचं काहीतरी सांग ना, मला ऐकायचंय." सासरकडच्या वडीलधाऱ्यांना हेच "तुम्ही" म्हणून सांगावे लागेल आणि तिथे कदाचित दुसरा अर्धा भाग जमणार नाही. तेव्हा "आत्ता फोन ठेवते, रविवारी मीच करते" एवढे पुरे, मात्र रविवारी फोन खरोखर करावा, कारण तो न केल्यास सोमवारी तोच प्रश्न अधिक जोराने येतो.

भाच्याशी बोलताना एक काळजी घ्या. लहान मुलांना "बाबा झोपला", "बाबा लांब गेला" असे सांगितल्यास ती झोपेला घाबरू लागतात किंवा वाट पाहत राहतात, म्हणून मृत्यूसाठी स्पष्ट शब्द वापरावा. तुम्हाला रडताना पाहून त्याने "आत्या, काय झालं?" असे विचारले, तर "काही नाही" असे म्हणू नये. "मला तुझ्या बाबाची खूप आठवण आली म्हणून रडू आलं. तुझं काही चुकलेलं नाही. थोड्या वेळाने माझं रडणं थांबेल आणि मग आपण दूध पिऊ." आपल्यामुळे तर काही झाले नाही ना, आणि आता आपले कोण पाहणार, या दोन भीती मुलांच्या मनात असतात. या वाक्यात दोन्हींचे उत्तर आहे.

आणि डॉक्टर. "कशा आहात?" असे डॉक्टरांनी विचारल्यावर "बरी आहे" म्हणण्याने खरोखर नुकसान होते. तिथे भावनांचे वर्णन जमले नाही तरी आकडे सांगावेत: रात्री किती तास झोप लागते, दिवसातून किती वेळा जेवण जाते, महिन्याभरात वजन किती घटले, छातीत धडधड किती वेळा होते. "मलाही आता जगायचं नाही" असा विचार येत असेल, तर तो त्याच शब्दांत सांगावा. डॉक्टरांची वेळ लगेच मिळत नसेल तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

राजश्री_वाशी (28 जुलै, सकाळी 7.50)

मी मनुष्यबळ विभागात काम केले आहे, म्हणून कार्यालयाविषयी लिहिते. वरिष्ठाचा "कशी आहेस?" हा प्रश्न दुहेरी असतो. त्यात काळजीही असते आणि तू आता किती काम उचलू शकतेस ही चौकशीही असते. त्याला फक्त भावनेचे उत्तर दिले तर तो स्वतःच अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बहुधा चुकतो. ताई, तुम्ही तिथे आजवर काय सांगितले आहे?

खाडीपलीकडे (28 जुलै, रात्री 10.40)

राजश्रीताई, पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले होते, "सर, मी ठीक नाहीये, पण कामाचं होईल." त्यांनी "पण"च्या पुढचे तेवढे ऐकले असावे, कारण दोनच दिवसांत तिमाही अहवाल माझ्याकडे आला. पंधरा दिवसांनी त्या अहवालात दोन चुका निघाल्या तेव्हा त्यांनी तो अहवाल आणि त्याबरोबर माझे आवडते कामही काढून घेतले, मला आराम मिळावा म्हणून. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मला काही बोलता आले नाही.

राजश्री_वाशी (29 जुलै, सकाळी 8.00)

असेच होते. तुमच्या वाक्यात मनःस्थिती आणि कामाची हमी एका "पण"ने बांधलेली होती. त्या दोन गोष्टी वेगळ्या करा, आणि तिसरी एक गोष्ट घाला: नेमके काय हवे आणि किती दिवस. तुमची एकाग्रता दिवसाच्या कोणत्या वेळी टिकते?

खाडीपलीकडे (29 जुलै, दुपारी 1.30)

सकाळी साधारण बारापर्यंत. दुपारी आकडे डोळ्यांपुढून जातात आणि डोक्यात शिरत नाहीत.

राजश्री_वाशी (29 जुलै, दुपारी 2.15)

मग असे सांगून पाहा: "सर, अजून अवघड आहे. सकाळी बारापर्यंत माझं काम नीट होतं, दुपारी चुका होतात. ऑगस्टअखेरपर्यंत तपासणीचं काम मला सकाळी द्या आणि दुपारी साधी नोंदणी द्या. माझं आधीचं काम माझ्याकडेच राहू दे, त्याने मला बरं वाटतं. एक सप्टेंबरला आपण पुन्हा बोलू." तारीख अवश्य सांगा. ती नसेल तर ही सवलत कायमची आहे असे तरी समजले जाते किंवा आठवड्याभरात विसरले तरी जाते. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना यातले काही सांगण्याची गरज नाही. त्यांना "आज जरा जड दिवस आहे, जेवायला बरोबर येते, पण फार बोलणार नाही" हे पुरते.

विनय_नौपाडा (29 जुलै, रात्री 9.20)

शमाताई, अवस्थांविषयी माझी माहिती अपुरी होती हे मान्य करतो. मात्र घरच्या माणसांविषयी एक नियम मी वाचला आहे आणि तो मला पटतो. सुसान सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी 2013 साली वर्तुळांची एक रीत सांगितली. ज्याच्यावर दुःख कोसळले तो मध्यभागी आणि त्याच्याभोवती नात्याच्या जवळिकीप्रमाणे एकेक कडे. आतल्या कड्याकडे फक्त दिलासा न्यायचा आणि आपले गाऱ्हाणे बाहेरच्या कड्याकडे सांगायचे. त्या हिशेबाने मध्यभागी भावजय, मुलगा आणि आईबाबा आहेत, बहीण दुसऱ्या कड्यात आहे. म्हणून ताईंनी त्यांच्यापुढे "बरी आहे" असेच म्हणावे आणि रडायचे ते मैत्रिणीपुढे रडावे.

खाडीपलीकडे (29 जुलै, रात्री 10.05)

विनयजी, तुमचा हेतू मी जाणते, पण हे वाचून मला त्रास झाला. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. 37 वर्षांत तो नव्हता असा माझा एकही दिवस नाही. मी दुसऱ्या कड्यात आहे हे लोक मला रोजच सांगत आहेत, "आई कशी आहे?" असे विचारून.

शमा_नेरूळ (29 जुलै, रात्री 11.00)

विनय, ती रीत शेजारी, सहकारी आणि दूरचे नातेवाईक यांच्यासाठी फार उपयोगी आहे. लिफ्टमधल्या काकूंना धीर देण्याची जबाबदारी ताईंवर नाही हे त्यातून नीट समजते. पण एकाच घरातल्या माणसांमध्ये कडी आखायला गेलो की चूक होते, कारण भावंड, पत्नी आणि आईवडील यांपैकी प्रत्येकाचे जे गेले ते वेगळे आहे.

घरात एकमेकांपासून लपवण्याविषयी एक अभ्यास मला माहीत आहे. नेदरलँड्समध्ये मूल गमावलेल्या 219 जोडप्यांचा काही काळ मागोवा घेऊन 2013 साली तो प्रसिद्ध झाला. जोडीदाराला त्रास होऊ नये म्हणून जे स्वतःचे दुःख दाबून ठेवत होते, त्यांचे स्वतःचे दुःख तर वाढलेच, परंतु ज्यांच्यासाठी दाबले त्यांचेही वाढले. हा अभ्यास नवराबायकोंचा आहे, आई आणि मुलीला तो जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही. मात्र दोघी एकमेकींना "जेवलीस का" असे विचारून फोन ठेवतात, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आईसाठी वाक्य लहान ठेवा आणि त्यात तिच्यावर काही करण्याची जबाबदारी टाकू नका: "आई, आज मी बरी नाही. तूही नसशील. मला काही सांगायचं नाहीये, फक्त फोन चालू ठेवू या थोडा वेळ." तिला शांत बसता येत नसेल तर ती बोलेल. आपल्या आया दुःखाविषयी बोलत नाहीत, पण माणसाविषयी बोलतात.

विनय_नौपाडा (29 जुलै, रात्री 11.25)

ताई, माझ्या शब्दांनी दुखावले याबद्दल मनापासून क्षमा मागतो. मात्र भावजयीपुढे मोठ्या नणंदेने सावरून असावे, हे मला अजूनही वाटते.

खाडीपलीकडे (5 ऑगस्ट, रात्री 10.50)

आठवड्याभरात जे झाले ते लिहिते.

लिफ्टमध्ये काकूंना "चाललंय, विचारलंत, बरं वाटलं" असे म्हणाले. त्या म्हणाल्या, "हो गं," आणि दार उघडून धरले. एवढेच, आणि ते पुरेसे होते.

सरांना राजश्रीताईंचे वाक्य जवळजवळ तसेच सांगितले. आधी ते एका कागदावर लिहून पाठ केले होते. त्यांनी तारीख दिनदर्शिकेत टाकली आणि माझे आधीचे काम परत दिले. दुपारच्या नोंदणीचे अजून ठरलेले नाही.

गाडीत मात्र जमले नाही. महिलांच्या डब्यात ओळखीची एक जण तुर्भ्याला चढली, दोन महिन्यांनी भेटली होती, आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काय गं, यंदा राखीला भाऊ तुझ्याकडे की तू त्याच्याकडे?" माझ्याकडे वाक्य तयार होते, पण ते "कशी आहेस?" या प्रश्नाचे होते. "तुला कळलं नसेल" एवढेच तोंडातून निघाले आणि पुढे काहीच नाही. तिला समजले. सीवूड्सपर्यंत तिने माझे मनगट धरून ठेवले आणि एक शब्दही बोलली नाही. मला वाटते, आजवरच्या सगळ्या उत्तरांत ते सर्वांत खरे होते.

आईला शमाताईंचे वाक्य सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला गवार आवडायची नाही, मी आज गवार आणली आणि मग कोणासाठी वेगळी भाजी करू असं झालं." आम्ही चाळीस मिनिटे त्याच्या खाण्याच्या खोडींवर बोललो. दोघी रडलो. ती मला काही दिवसांनी म्हणाली की त्या रात्री तिला झोप लागली.

भावजयीपुढे अजून तोंड उघडलेले नाही. ती मला विचारते, "ताई, तुम्ही कशा आहात?" आणि मी तिच्याकडे पाहून "बरी आहे" म्हणते. विनयजींचे म्हणणे मनात अडकले आहे हे खरे. मी रडले तर तिला मला सांभाळावे लागेल, आणि नाही रडले तर तिला वाटेल की त्याच्यासाठी रडणारी ती एकटीच उरली आहे.

शमा_नेरूळ (6 ऑगस्ट, सकाळी 6.40)

तिलाच विचारता येईल. "मी तुझ्यासमोर त्याच्याबद्दल बोललेलं तुला चालेल का, की त्याने तुला जड जाईल? आज एक सांगितलंस आणि उद्या वेगळं वाटलं तरी चालेल." ती "नको" म्हणाली तर ते उत्तर त्या दिवसापुरते समजा. असे विचारल्यानंतर घरात शांतता वाढल्याचेही मी एकदोन ठिकाणी पाहिले आहे, हे लपवत नाही.

ओंकार_घणसोली (6 ऑगस्ट, दुपारी 12.30)

मी सुरुवातीला फार सहज बोलून गेलो. माझ्या घरात अजून असे कोणी गेलेले नाही. गाडीतल्या प्रसंगावरून एक विचारतो. शनिवारी राखीपौर्णिमा आहे, त्या दिवशी फोन येतीलच. त्या दिवसासाठी काही ठरवले आहे का?

मीनल_घोडबंदर (6 ऑगस्ट, दुपारी 1.15)

मी पहिल्या दिवशी प्रश्न नीट वाचला नव्हता. पण या एका दिवसापुरता गटावरचा संदेश उपयोगी पडेल असे वाटते, विचारू नका असे सांगणारा नव्हे, तर कसे विचारा हे सांगणारा.

खाडीपलीकडे (7 ऑगस्ट, रात्री 9.30)

मीनलताई, तुमची सूचना घेतली. मावस आणि चुलत भावंडांच्या गटावर उद्या सकाळी हे टाकणार आहे:

"शनिवारी राखीपौर्णिमा आहे. मी कशी आहे याचं उत्तर आत्ताच देते: त्या दिवशी बरी नसेन. सकाळी फोन करू नका, मी आईकडे नौपाड्याला असेन आणि फोन बंद असेल. दुपारी चारनंतर ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. राखी कोणाला बांधायची की नाही हे मी त्याच दिवशी ठरवेन, आग्रह करू नका. येताना त्याचा एखादा जुना फोटो असेल तर आणा."

भावजयीला मी हा मसुदा आधी दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि "फोन बंद असेल" याच्या जागी "आमचे फोन बंद असतील" असे करायला सांगितले.

सानपाडा1962 (7 ऑगस्ट, रात्री 10.10)

"त्याच दिवशी ठरवेन" हे वाक्य तसेच राहू द्या. दिवाळीत कोणी भाऊबिजेचे विचारले तर मलाही ते वापरता येईल, माझी मुलगी दर वर्षी अडते तिथे.